अंतर्गत समितीकडे तक्रार अर्ज: शिफ्ट इनचार्जने वापरलेली अर्वाच्य भाषा

दिनांक: १५ सप्टेंबर २०२५
स्थळ: चाकण, जि. पुणे

प्रति,
मा. अध्यक्षा,
अंतर्गत समिती

विषय: मोल्डिंग विभागाच्या शिफ्ट इनचार्जने केलेली लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी, शिवीगाळ व नोकरी घालवण्याची धमकी. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध अधिनियमाच्या कलम ९ नुसार तक्रार.

महोदया,

मी जून २०२३ पासून या प्लँटमध्ये ठेकेदारामार्फत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काम करते. माझी कायम पहिली शिफ्ट असते, सकाळी ७ ते दुपारी ३:३०. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते याच शिफ्टचे मोल्डिंग इनचार्ज आहेत. पुढे त्यांना ‘प्रतिवादी’ म्हटले आहे. माझे, त्यांचे आणि साक्षीदारांचे नाव, पत्ता व टोकन क्रमांक सोबतच्या बंद पाकिटात आहेत. अर्जाच्या प्रती कोणाच्याही टेबलावर पडू शकतात, म्हणून नावे अर्जात घातलेली नाहीत.

प्रतिवादी जे बोलले ते खाली जसेच्या तसे लिहिले आहे. शिवी असेल तिथे टिंबे दिलेली नाहीत. ‘अपशब्द वापरले’ एवढेच लिहिले तर ‘च्यायला’ म्हटले की आणखी काही, हे समितीला कळणार नाही, आणि प्रतिवादींनाही नेमके कशाचे उत्तर द्यायचे ते कळणार नाही. अवतरण चिन्हांत आहे ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलेले किंवा फोनवर वाचलेले आहे. जे नीट ऐकू आले नाही तिथे तसे म्हटले आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. मोल्डिंगवर मशीन अडले की सगळेच ‘आयला’, ‘च्यायला’ करतात, प्रतिवादीही करतात. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. खालची वाक्ये मशीनला नव्हे, मला उद्देशून होती, आणि मी बाई आहे म्हणून होती.

पहिली घटना, सोमवार, ४ ऑगस्ट २०२५, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, मशीन क्र. ७ जवळ. डोअर हँडलच्या बेझलला पार्टिंग लाइनवर फ्लॅश येत होता. तासाच्या तपासणीत पाचपैकी तीन नग खराब निघाले, म्हणून मी त्या तासाचा माल लाल बिनमध्ये टाकून होल्ड टॅग लावला. दुपारी गाडी जायची होती. प्रतिवादी टॅग हातात धरून म्हणाले, “तुला काय, टॅग चिकटवला की झालं. कस्टमरला तोंड कोण देणार, तुझा नवरा?” मी म्हणाले, “सर, फ्लॅश बघा, मग बोला.” त्यावर ते काही न बोलता निघून गेले. साक्षीदार क्र. १ (मशीन ऑपरेटर) दोन हातांवर उभे होते. एवढ्या एका वाक्यावर मी समितीकडे आले नसते. पुढचे सगळे इथून सुरू झाले, म्हणून ते नोंदवते.

दुसरी घटना, गुरुवार, २१ ऑगस्ट, सकाळी ७:१० च्या शिफ्ट मीटिंगमध्ये, नोटीस बोर्डासमोर. दहा-बारा जण होते, त्यांत बायका मी आणि साक्षीदार क्र. २ (पॅकिंग) अशा दोघीच. आदल्या दिवशीच्या रिजेक्शनचा आकडा वाचून प्रतिवादी सगळ्यांना म्हणाले, “क्वालिटीत बायका भरल्या की हेच होणार. महिन्यातले चार दिवस यांचं डोकं ठिकाणावर नसतं. त्या चार दिवसांत सगळाच माल रिजेक्ट.” मागच्या रांगेत हसू आले. कोण हसले ते मी पाहिले नाही, म्हणून कोणाचे नाव घेत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काय मॅडम, आज कितवा दिवस?” मी उत्तर दिले नाही. ते थोडे थांबले आणि पुन्हा म्हणाले, “नाही, म्हणजे आम्हाला प्लॅनिंग करता येईल.” आवाज चढलेला नव्हता, चेष्टेचाच होता. तरीही रिजेक्शनवर बोलायचे तर फ्लॅश, शॉर्ट शॉट, मोल्डचे मेंटेनन्स यांवर बोलता आले असते. माझ्या पाळीचा विषय बारा जणांसमोर काढायचे कामाच्या दृष्टीने काही कारण नव्हते.

तिसरी घटना, मंगळवार, २ सप्टेंबर, रात्री ८:४२, शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. दुसऱ्या शिफ्टने एका लॉटबद्दल विचारले होते. प्रतिवादींनी लिहिले: “क्वालिटीच्या महाराणीला विचारा. नवऱ्याने सोडलं असेल तर लॉट सोडेल.” खाली दोघांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. मी ८:५० ला स्क्रीनशॉट घेतला. नंतर पाहिले तेव्हा मेसेज डिलीट केलेला होता आणि तिथे तशी खूण उरली होती. स्क्रीनशॉटची छापील प्रत जोडली आहे. त्यात वरचे-खालचे मेसेजही आहेत, म्हणजे संदर्भ तुटणार नाही. फोनमधून मी काहीही काढलेले नाही. समिती सांगेल तेव्हा फोन दाखवीन.

चौथी घटना, गुरुवार, ११ सप्टेंबर, दुपारी २:२० च्या सुमारास, डिस्पॅचच्या दाराशी. त्या दिवशी सकाळी प्लँट हेडनी मला केबिनमध्ये बोलावून आठवड्याच्या रिजेक्शनचा तक्ता मागवला होता. केबिनला काच आहे आणि मी पाच-दहा मिनिटांत बाहेर आले. दुपारी मी होल्डवरचे नग मोजत होते. शेजारी रिग्राइंडचा ग्राइंडर चालू होता. प्रतिवादी समोरून आले आणि लाल बिनच्या ट्रॉलीला लाथ मारली. ट्रॉली माझ्या गुडघ्याला लागली; जखम झाली नाही. ते काहीतरी बोलले, ते ग्राइंडरमुळे मला कळले नाही, आणि अंदाजाने मी इथे लिहीत नाही. तेवढ्यात हेल्परने ग्राइंडर बंद केला. त्यानंतरचे सगळे स्वच्छ ऐकू आले:

“साहेबाच्या केबिनमध्ये तू काय करायला जातेस ते अख्ख्या लाइनला माहीत आहे. रांडेसारखी वर चढलीस आणि आता आम्हाला शिकवतेस?”

मी मोठ्याने म्हणाले, “तोंड सांभाळून बोला.” माझाही आवाज चढलेला होता. मी शिवी दिली नाही. ते एक पाऊल पुढे आले, आमच्यात हातभर अंतर राहिले, आणि बोट दाखवून म्हणाले:

“तीस तारखेला तुझा कागद माझ्याकडे येतोय. कोणाच्या मांडीवर बसायचं ते बस, टोकन बंदच करतो.”

साक्षीदार क्र. ३ (हेल्पर) ग्राइंडरपाशी होते. साक्षीदार क्र. ४ (फोर्कलिफ्ट चालक) दाराबाहेर होते. त्यांना किती ऐकू आले ते मला सांगता येणार नाही, त्यांनाच विचारावे. मी थेट बायकांच्या चेंजिंग रूममध्ये गेले आणि पावणेतीनच्या आत ही वाक्ये खिशातल्या डायरीत लिहून काढली. पहिल्या तीन घटनांच्या नोंदीही त्या त्या दिवशीच्याच आहेत. चारही पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, मूळ डायरी माझ्याकडे आहे. चौथ्या पानावर एक शब्द खोडलेला दिसेल: आधी ‘दोन पावले’ लिहिले होते, मग आठवून ‘एक पाऊल’ केले.

‘कागद’ म्हणजे काय, हे समितीच्या बाहेरच्या सदस्यांसाठी सांगते. ठेकेदाराकडचे माझे कंत्राट ३० सप्टेंबरला संपते. नूतनीकरणाच्या फॉर्मवर शिफ्ट इनचार्जचा शेरा आणि सही लागते. शेरा वाईट आला की गेटवर टोकन चालत नाही. ज्याच्या हातात ती सही आहे त्याने, ती सही होण्याच्या एकोणीस दिवस आधी, हे वाक्य उच्चारले. दुसऱ्या कोणी हेच शब्द वापरले असते तर शिवी म्हणून मी ते एखादे वेळी गिळलेही असते. नोकरीबाबतची उघड किंवा आडून दिलेली धमकी आणि अपमानास्पद वागणूक या दोन्ही गोष्टी अधिनियमाच्या कलम ३(२) मध्ये आहेत.

कँटीनमध्येही प्रतिवादी माझ्याबद्दल असेच बोलतात, असे साक्षीदार क्र. २ यांनी मला सांगितले. ते मी ऐकलेले नाही, म्हणून ते शब्द या अर्जात घातलेले नाहीत. समितीने त्यांच्याकडूनच घ्यावेत.

माझ्या मते दुसरी आणि चौथी घटना सर्वांत गंभीर आहेत. पहिली घटना निव्वळ उद्धटपणा आहे आणि लैंगिक छळाच्या व्याख्येत बसत नाही असे समितीला वाटले, तर ती स्थायी आदेशांखाली व्यवस्थापनाकडे पाठवावी. त्यामुळे बाकीच्या घटना हलक्या धरू नयेत. तसेच चारही घटना माझ्या होल्ड टॅगनंतर किंवा रिजेक्शनच्या आकड्यांवरून झाल्या आहेत. माझे निर्णय चुकीचे होते असे प्रतिवादींचे म्हणणे असेल, तर होल्डचे रजिस्टर आणि तपासणीचे तक्ते मागवून पाहावेत. मात्र टॅग बरोबर होता की चूक, यावरून वरच्या शब्दांचा निकाल लागू नये.

माझ्या मागण्या अशा. डिस्पॅचच्या दारावरच्या कॅमेऱ्याचे ११ सप्टेंबरचे दुपारी २:१० ते २:३५ पर्यंतचे चित्रण आजच राखून ठेवावे. त्यात आवाज नसतो, पण ट्रॉली, अंतर आणि बोट दिसेल. जुने चित्रण आपोआप पुसले जाते, म्हणून ही विनंती सर्वांत तातडीची आहे. कलम १२ नुसार चौकशी संपेपर्यंत माझ्या कामावर शेरा देण्याचे काम प्रतिवादींकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे आणि माझ्या नूतनीकरणाचा फॉर्म त्यांच्याकडे जाऊ नये. शक्य असेल तर शिफ्ट त्यांची बदलावी. माझी बदलली तर मुलाला शाळेतून आणायला घरी कोणी नाही, आणि तक्रार केल्याची शिक्षा मलाच झाल्यासारखे होईल. साक्षीदार क्र. १ आणि ३ हेही कंत्राटी आहेत. त्यांचे जबाब प्रतिवादींच्या शिफ्टमध्ये आणि त्यांच्या नजरेसमोर घेऊ नयेत.

कलम १० खालील समेट मला नको आहे. रीतसर चौकशी व्हावी, प्रतिवादींचे लेखी उत्तर मला वाचायला मिळावे आणि अहवालाची प्रत मिळावी. कलम १६ नुसार हा मजकूर समितीबाहेर जाऊ नये. विशेषतः चौथ्या घटनेतली वाक्ये सुपरवायझरांच्या ग्रुपवर फिरली, तर त्याची वेगळी तक्रार करावी लागेल.

अर्जाच्या सहा प्रती, डायरीच्या चार पानांच्या झेरॉक्स, स्क्रीनशॉटची छापील प्रत, कंत्राटाची प्रत आणि नावांचे बंद पाकीट सोबत दिले आहे. पोच म्हणून एका प्रतीवर तारीख, वेळ आणि सही द्यावी.

आपली विश्वासू,
अर्जदार, क्वालिटी इन्स्पेक्टर, पहिली शिफ्ट
(सही व टोकन क्रमांक बंद पाकिटातील पानावर)