खाऱ्या पाण्यात तग धरणाऱ्या कोरगुटाचे मुळांवरचे सोबती सापडले, आमचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला!

मंडळी, आनंदाची बातमी. खाजन शेतातल्या कोरगुट भातावरचं आमच्या प्रयोगशाळेचं काम शोधनिबंध म्हणून या आठवड्यात प्रसिद्ध झालं. निबंध इंग्रजीत आहे आणि जिवाणूशास्त्राच्या परिभाषेने भरलेला आहे. ज्यांच्या शेतातून आम्ही रोपं उपटून आणली, त्यांना तो वाचता येणार नसेल तर काम अर्धंच झालं असं आम्हाला वाटतं. म्हणून इथे सगळं मराठीतून सांगतो. मजकूर लांब आहे, पण सवडीने वाचा.

एका वाक्यात सांगायचं तर, कोरगुट खारं पाणी सोसतो ते निव्वळ स्वतःच्या अंगच्या बळावर नव्हे. त्याच्या मुळांना चिकटून राहणारे काही जिवाणू त्याला मदत करतात, आणि हीच मदत दुसऱ्या जातीच्या भातालाही काही प्रमाणात मिळू शकते.

आता जरा मागून सुरुवात करू. चोडण, दिवाडी, नेवरा, कुडतरी या बाजूच्या लोकांना खाजन म्हणजे काय हे सांगायला नको, पण आपले बरेच वाचक गोव्याबाहेरचेही आहेत. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या मुखाकडच्या भागात भरतीचं खारं पाणी आत शिरतं. तिथे बांध घालून, बांधाला मानशी बसवून जी सखल जमीन लागवडीखाली आणली ती खाजन. मानशीच्या लाकडी दारांना राखणदार लागत नाही. भरती आली की पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. ही व्यवस्था पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची आहे. गोव्यात अशी जमीन सुमारे 18,000 हेक्टर आहे असं सांगतात, आणि तिचा मोठा भाग आज पडीक आहे.

बांध कितीही चांगला असला तरी खाजनाची माती खारटच राहते. उन्हाळ्यात पाणी आटतं, मीठ वर येतं. जूनमध्ये पाऊस धरला की ते धुऊन जातं आणि लावणी करता येते. कठीण काळ येतो तो पावसाने मध्येच दडी मारली किंवा बांधाला खांड पडलं की. मातीचा खारटपणा विद्युतवाहकतेवरून मोजतात. त्या मापात समुद्राचं पाणी साधारण 50 भरतं, आणि मातीच्या अर्काचा आकडा 3च्या वर गेला की नेहमीच्या भाताचं उत्पन्न घटू लागतं. कोवळा तरवा आणि पोटरीतून फुलोऱ्यात येणारं भात, हे दोन टप्पे सर्वात नाजूक. अशा जागेत पिढ्यानपिढ्या टिकला तो कोरगुट: उंच वाढणारा, लांब कुसळांचा, लाल दाण्याचा. उत्पन्न कमी, पावसात लोळतोही, पण जिथे दुसरं काही येत नाही तिथे हा येतो. जुने गोवे इथल्या कृषी संशोधन केंद्राने कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान 1’ आणि ‘गोवा धान 2’ ही वाणं दिली, ती खाजन शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत.

मग आम्ही नवीन काय शोधलं? आम्हाला एक गोष्ट खटकत होती. शेतातल्या कोरगुटाचंच बी आमच्या काचगृहातल्या निर्जंतुक वाळूत रुजवलं आणि त्याला खारं पाणी घातलं, तर तो शेतातल्याइतका दमदार राहत नसे. बी तेच, मीठ तेच. फरक होता तो मातीचा.

म्हणून आम्ही मुळांकडे वळलो. भर पावसात खाजनातून रोपं मुळांसकट काढायची आणि हळूच झटकायची. सैल चिखल पडून गेल्यावर जो पातळ थर मुळाला धरून राहतो, तोच आम्हाला हवा होता. पाण्याखालच्या भाताच्या मुळांवर लोहाचा तांबूस-तपकिरी लेप असतो, कारण चिखलात प्राणवायू नसला तरी भाताचं मूळ आतून थोडा प्राणवायू बाहेर सोडतं आणि त्यामुळे लोह गंजतं. त्या गंजाच्या आत, मुळाच्या अगदी सालीशी, जिवाणूंची दाट वस्ती असते. तो थर धुऊन, पाण्यात मिसळून, खारट आगारावर पसरला. खाण्यातला आगार म्हणजे चायना ग्रास, प्रयोगशाळेत त्याच्यावर जिवाणू वाढवतात. मीठ वाढवत गेलो तसे बरेच मेले. जे उरले त्यांतले काही बॅसिलस आणि स्यूडोमोनास या गटांतले निघाले.

हे उरलेले नेमकं करतात काय? इथे थोडं थांबायला हवं, कारण निबंधाचा गाभा हाच आहे.

झाडाला मिठाचा त्रास झाला की ते इथिलीन नावाचा वायू जास्त बनवू लागतं. आंबा-केळी पिकवणारा वायू तो हाच. फळाला तो हवा असतो, पण कोवळ्या मुळात तो जास्त झाला की मुळांची वाढ खुंटते. मूळ खुंटलं की पाणी ओढणं कमी आणि रोप पिवळं. इथिलीन बनण्याआधी झाडात त्याचा कच्चा माल तयार होतो, आणि त्यातला काही मुळावाटे बाहेर झिरपतो. आमच्या जिवाणूंपैकी काहींकडे हा कच्चा माल तोडणारं विकर आहे. ते तो तोडतात आणि त्यातला नायट्रोजन स्वतः वापरतात. जिवाणूचं पोट भरतं, झाडात इथिलीन कमी बनतं, मूळ वाढत राहतं. हे विकर जगभरच्या अनेक जिवाणूंत आधीच माहीत आहे, त्याचा शोध आम्ही लावलेला नाही. कोरगुटाच्या मुळावरच्या, खारट पाण्यातही काम करणाऱ्या जिवाणूंत ते आम्ही दाखवलं, एवढाच आमचा दावा आहे.

दुसरं काम चिकट पदार्थाचं. यातले काही जिवाणू स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात आणि तो थर मिठातला सोडियम धरून ठेवतो. मुळाच्या दाराशीच काही सोडियम अडला की पानापर्यंत कमी पोचतो. हे खरंच घडतं का ते पाहायला पानं वाळवून, जाळून, राख आम्लात विरघळवून ते द्रावण ज्योतीत फवारतात. सोडियम असेल तर ज्योत भडक पिवळी होते, पोटॅशियम फिकट जांभळी. यंत्र त्या रंगांची तीव्रता मोजतं. झाडाला हवा असतो पोटॅशियम, म्हणून दोन्हींतलं प्रमाण बघायचं. जिवाणू दिलेल्या रोपांच्या पानांत पोटॅशियमचं पारडं जड होतं.

तुलना कशी केली तेही सांगतो, कारण शंका इथेच घ्यायला हवी. काही कुंड्यांत जिवंत जिवाणू घातले, काहींत तेच जिवाणू उष्णतेने मारून घातले, काहींत काहीच नाही. मेलेल्या जिवाणूंनीही रोप सुधारलं असतं तर ती करामत निव्वळ खताची ठरली असती. तसं झालं नाही. कोरगुटाबरोबर ‘जया’ही लावला, कारण तो आपल्याकडे सर्रास पिकतो आणि मिठाला नाजूक आहे. जिवाणू नसतानाही कोरगुट जयापेक्षा सरस राहिला, म्हणजे त्याचं अंगचं बळ खरंच आहे. जिवाणू मिळाल्यावर तो आणखी सावरला. आणि जयाच्या रोपांनीही खाऱ्या पाण्यात हिरवेपणा जास्त काळ टिकवला, मुळं लांब राहिली. तरी जयाचा कोरगुट झाला नाही, हे ठासून सांगतो. गोड्या पाण्यातल्या कुंड्यांत मात्र जिवाणू असले-नसले तरी नजरेत भरेल असा फरक पडला नाही.

आमच्या मनाला सर्वात लागलेली गोष्ट निबंधात शेवटच्या भागात, थोडक्यात आली आहे. बरीच वर्षं पडीक असलेल्या खाजनातली माती आणून तिच्यात कोरगुट लावला, तर त्याच्या मुळांवर हे मदत करणारे जिवाणू कमी मिळाले. ठिकाणं थोडी होती, त्यामुळे यावरून नियम बांधता येणार नाही आणि तसं निबंधात स्पष्ट लिहिलं आहे. पण काळजी वाटते. कोरगुटाचं बी शीतपेटीत जपता येतं, जपलंही जातंय. मुळावरचे निवडक जिवाणूही नळीत गोठवून ठेवता येतात. पण दरवर्षी नांगरलेल्या, भात लागलेल्या खाजनातली सगळी वस्ती नळीत मावत नाही. बांध फुटून शेत खारफुटीखाली किंवा भरावाखाली गेलं, की बियाबरोबर तिलाही आपण मुकतो, असा आमचा अंदाज आहे. पुढचं काम याच प्रश्नावर आहे.

आता हात जोडून एक विनंती. हे सगळं कुंडीतलं आहे, रोप अवस्थेतलं आहे. शेतात दाणा भरेपर्यंत काय होतं ते अजून तपासायचं आहे. कुणी ‘कोरगुटाचं जिवाणू खत’ म्हणून बाटली विकायला आलं, तर ती आमची नव्हे. आम्ही काहीही विकत नाही, कुणाला विकायला दिलेलं नाही. निसर्गातून वेगळा केलेला प्रत्येक जिवाणू माणसाला आणि इतर पिकाला निरुपद्रवी आहे की नाही, हे तपासल्याशिवाय तो शेतात सोडायचा नसतो. ती तपासणी चालू आहे.

ज्या शेतकरी कुटुंबांनी गुडघाभर चिखलात आमच्याबरोबर उतरून रोपं दाखवली, कोणत्या कोपऱ्यात पाणी आधी खारट होतं ते सांगितलं, मानशीची दारं केव्हा उघडतात त्या वेळा पाळायला लावल्या, त्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांची नावं त्यांच्या संमतीने निबंधाच्या आभारात छापली आहेत. त्या त्या गावात जाऊन, छापील मराठी आणि कोंकणी सारांश हातात देऊन, निकाल समजावून सांगायचं ठरलं आहे. लावणीची गडबड सरली की येतो.

तुमच्या घरी अजून कोरगुट पिकत असेल, किंवा पूर्वी पिकत होता आणि शेत पडीक पडलं असेल, तर आम्हाला निरोप पाठवा. गाव, शेत साधारण कुठे आहे आणि शेवटचा पेरा कधी झाला, एवढं पुरे. माती पोस्टाने पाठवू नका. ती वाटेत वाळते आणि जिवाणू मरतात, आम्हीच येऊन घेऊ. शाळेतल्या शिक्षकांना मुलांसाठी हा प्रयोग साध्या रूपात करून दाखवायचा असेल, तर दोन कुंड्या, थोडं भात आणि मीठ यांत काय दाखवता येईल ते आम्ही लिहून देऊ.

पूर्ण निबंध सर्वांना मोफत वाचता येतो, दुवा प्रोफाइलवर आहे. प्रश्न खाली विचारा, मराठीत, कोंकणीत, कसेही. लावणी-रोपणी करणाऱ्यांच्या प्रश्नांना आधी उत्तरं देऊ.

#कोरगुट #खाजन #गोवा #भातशेती #मराठीतूनविज्ञान