एमबीए (वित्त), सोलापूर : कर्जविश्लेषण आणि सल्लागार कामासाठी परिचय

छोट्या कारखान्याचा पैसा नेमका कुठे अडकतो हे शोधायला मला आवडतं. सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. वडील यंत्रमागावर जॉबर. सुताचा भाव चढला की पगार लांबायचा, त्यामुळे खेळतं भांडवल पुस्तकात भेटण्याआधी घरात भेटलं होतं. बी.कॉम.नंतर एमबीएला वित्त हा मुख्य विषय घेतला, जोडीला ऑपरेशन्स.

उन्हाळी इंटर्नशिप एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात, 8 आठवडे. कॅश क्रेडिटच्या 42 खात्यांची स्टॉक स्टेटमेंट तपासली. 9 खात्यांत 90 दिवसांहून जुनी येणीही ड्रॉइंग पॉवरमध्ये धरलेली होती. येण्यांची वयवार विभागणी करून अशी खाती वेगळी दाखवणारी एक्सेल शीट बनवली. इंटर्नशिप संपल्यावरही विभागाने ती वापरात ठेवली.

सगळ्यात जास्त शिकवलं ते लाइव्ह प्रोजेक्टने. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना, 24 माग. मालक म्हणायचे, धंदा आहे पण हातात पैसा नाही. हिशेब मांडला: माल 61 दिवस पडून, येणी 96 दिवसांनी, सूतवाल्याला पैसे 38 दिवसांत. म्हणजे 119 दिवस पैसा बाहेर. उद्यम नोंदणी होती, पण बिलावर तिचा नंबरच नव्हता. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 43B(h) प्रमाणे सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत, म्हणजे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. बिलावर नंबर छापला आणि मोठ्या 6 व्यापाऱ्यांना पत्रं पाठवली. चार महिन्यांत येणी 71 दिवसांवर आली. एक व्यापारी मात्र तुटला. कायद्याचा आधार घेताना नातं सांभाळावं लागतं. आज ते काम करायचं झालं तर पत्राआधी प्रत्येकाला भेटेन.

केस स्पर्धा दोन. पहिलीत आमचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. 22 स्लाइड होत्या, ठाम शिफारस नव्हती. दुसऱ्या, पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चौघांच्या संघाला दुसरा क्रमांक मिळाला. प्रश्न होता, साखर कारखान्याने डिस्टिलरी वाढवावी का? आर्थिक मॉडेल माझ्याकडे होतं. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले होते, म्हणून रस मिळालाच नाही तर काय, ही शक्यता मी वेगळी मांडली. तिच्यात प्रकल्प कर्जाचे हप्ते पेलत नव्हता. धान्यावरही चालणारा प्लांट, तोही दोन टप्प्यांत, अशी शिफारस आम्ही केली. परीक्षकांचे बहुतेक प्रश्न त्यावरच होते.

एक्सेलमध्ये डीसीएफ आणि रोख प्रवाहाचं मॉडेल स्वतः उभं करते, टॅली सफाईने वाचते. मराठी, हिंदी, इंग्रजी येतात. तेलुगू शेजाऱ्यांमुळे बोलता येते, आणि मागवाल्यांशी बोलताना तिचाच सर्वाधिक उपयोग झाला.

बँकेत एमएसएमई कर्जविश्लेषक किंवा सल्लागार संस्थेत खेळत्या भांडवलाचं काम हवं आहे. पुणे, मुंबईला यायची तयारी आहे. मालकांच्या परवानगीने, नाव झाकलेला टॉवेल प्रकल्पाचा अहवाल मुलाखतीला सोबत आणेन.