प्रेक्षकास चेंडू लागून झालेल्या दुखापतीबाबत अहवाल

दिनांक : १९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद

महोदय,

नगरपरिषदेच्या मैदानावर आमच्या मंडळाने भरवलेल्या लेदर बॉल स्पर्धेत रविवार, दि. १८ रोजी दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी ५२ वर्षांच्या एका महिला प्रेक्षकास चेंडू लागून डाव्या भुवईच्या वर जखम झाली. मैदान वापराच्या परवानगीतील अटीनुसार हा अहवाल सादर करीत आहे.

उपांत्य सामन्याच्या चौदाव्या षटकात मिडविकेटच्या दिशेने मारलेला षटकार थेट मंडपात आला. पुढच्या रांगेतील एका तरुणाने तो एका हाताने झेलण्यासाठी उडी मारली; चेंडू त्याच्या बोटांना लागून दिशा बदलून मागच्या रांगेत गेला, त्यामुळे त्या बाईंना तो दिसलाच नाही. एका हाताने झेल घेणाऱ्या प्रेक्षकास ५०० रुपये देण्याची घोषणा आमच्याच ध्वनिक्षेपकावरून सकाळपासून होत होती, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

आसनव्यवस्था व जाळी यांबाबत दोष आमचाच आहे. मंजूर आराखड्यात खुर्च्या सीमारेषेपासून ६ मीटर मागे होत्या. गर्दी वाढल्यावर पुढे दोन रांगा वाढवल्याने ते अंतर जेमतेम २ मीटर उरले. मैदानाच्या त्या बाजूस ४ मीटर उंचीची नायलॉनची जाळी होती, पण मंडपासमोरचा सुमारे ९ मीटरचा भाग पाहुण्यांना खेळ नीट दिसावा म्हणून सकाळी गुंडाळून वर बांधला होता. तसे करण्यास मीच संमती दिली होती.

पंचांनी खेळ तत्काळ थांबवला. प्रेक्षकांमधील एका परिचारिकेने निर्जंतुक गॉज दाबून धरून रक्त थांबवले, मान न हलवता बाईंना खुर्चीतच स्थिर बसवले आणि पाणी पाजायला सरसावलेल्यांना अडवले. प्रथमोपचार पेटीत गॉज व पट्ट्या होत्या, बर्फ मात्र नव्हता. तो शेजारच्या रसवंतीतून आणून कापडात गुंडाळून सुजलेल्या भागावर धरला. १०८ क्रमांकावर ४ वाजून ४४ मिनिटांनी फोन केला, रुग्णवाहिका ५ वाजून २ मिनिटांनी पोहोचली. बाईंची शुद्ध हरपली नव्हती, परंतु एकदा उलटी झाल्याने डॉक्टरांनी सीटी स्कॅन केले. त्यात रक्तस्राव आढळला नाही. चार टाके घालून त्यांना २४ तास देखरेखीखाली ठेवले असून उपचारांचा खर्च मंडळ करीत आहे.

उर्वरित सामने थांबवले आहेत. जाळी सलग व खाली जमिनीपर्यंत बांधून, खुर्च्या मूळ जागी नेऊन आणि झेलाचे बक्षीस रद्द करून आपल्या अभियंत्यांनी पाहणी केल्याशिवाय पुढील चेंडू टाकला जाणार नाही. पंच, गुणलेखक व परिचारिका यांचे लेखी जबाब सोबत जोडले आहेत.

आपला विश्वासू,
स्पर्धा संयोजक