वघईच्या लाइटबिलाचं मराठी भाषांतर

सुरेशभाऊ, नमस्कार. बिल झालंय, खाली टाकतो. पंचवटीतल्या पतसंस्थेत देण्याआधी नाव-पत्ता आधारशी जुळवून बघा, बिलावर 'सुरेशभाई' आहे तर मी पण सुरेशभाईच ठेवलंय, उगाच सुरेश केलं तर तेवढ्यावरनं फाईल परत येते.

(गुजराती बिलाच्या फोटोवरून मराठी भाषांतर)

दक्षिण गुजरात वीज कंपनी लिमिटेड
ग्राहक : गावित सुरेशभाई रामजीभाई
पत्ता : निशाळ फळिया, मु. पो. वघई, जि. डांग, गुजरात, पिन ३९४७[अस्पष्ट]
ग्राहक क्र. : २१४०७०५३१८६
दर प्रकार : आर.जी.पी. (रूरल), सिंगल फेज
मंजूर भार : १.०० किलोवॅट
बिल कालावधी : १२/०३/२०२५ ते ११/०५/२०२५ (२ महिने)
मागील रीडिंग : ०८२७६
चालू रीडिंग : ०८५१२
वापर : २३६ युनिट
स्थिर आकार : ३०.००
वीज आकार : ७१०.००
फ्युएल चार्ज (२३६ × २.४५) : ५७८.२०
वीज शुल्क ७.५% : ९८.८७
मागील थकबाकी : ०.००
एकूण देय : रु. १४१७.०७
बिल दिनांक : १३/०५/२०२५
भरण्याची शेवटची तारीख : २३/०५/२०२५

आता दोन-तीन गोष्टी. मागील रीडिंगवर फ्लॅशची चमक आलीय, चौथा आकडा ७ का १ ते कळेना, पण वापर २३६ स्पष्ट छापलाय आणि ८५१२ मधून २३६ गेले की ८२७६ च राहतात, १ धरला असता तर वापर २९६ आला असता आणि मग वीज आकार पण ७१० ला बसला नसता (१०० युनिट २.६५ ने, पुढचे १०० ३.१० ने, उरलेले ३६ ३.७५ ने, करा बेरीज). तरी ओरिजनल समोर धरून एकदा बघाच.

पिनचे शेवटचे दोन आकडे मात्र बिलाच्या घडीत गेलेत. वघईचा पिन गुगलवर सापडतो हो, पण फोटोत दिसत नाही ते मी लिहिणार नाही. घडी उघडून, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद करून, चारही कोपरे येतील असा फोटो पाठवा, लगेच भरून देतो.

आपल्या महावितरणच्या बिलात वहन आकार असतो तो इथे नाहीये, तिथल्या बिलात तो रकानाच नाही, म्हणून टाकला नाही, काउंटरवर कोणी विचारलंच तर तेवढं सांगा. आणि दोन महिन्यांचं बिल आहे म्हणून १५ चा स्थिर आकार ३० झालाय, कालावधीची तारीख कोणी 'मे महिना' म्हणून लिहायला लागलं तर लिहू देऊ नका, १२ मार्च ते ११ मे असंच पाहिजे.

सोबत ओरिजनलची झेरॉक्स लावा, नुसतं भाषांतर घेत नाहीत. सही-शिक्का नवीन फोटो आल्यावर मारतो, आज रात्री आठपर्यंत आलात तर रविवार कारंज्याजवळ दुकानातच आहे.