दोन बेडरूमचे फ्लॅट: प्रकल्प परिचय

स्लाइड 1: नकाशा
कार्पेट एरिया 684 चौ. फूट. म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतली, तुमच्या वापराची जागा. जिना, लॉबी, बाल्कनी यात धरलेली नाही. स्वयंपाकघर 8 बाय 10, ओट्यासमोर खिडकी, लागून ड्राय बाल्कनी. बेडरूमचं दार पूर्ण उघडलं तरी कपाटाला अडत नाही. त्यासाठी नकाशा तीनदा बदलला.

स्लाइड 2: सुविधा
दोन लिफ्ट, एकीत स्ट्रेचर मावतं. जनरेटर, झाकलेलं पार्किंग, बाग.

स्लाइड 3: हप्ते
बुकिंगला 10 टक्के, जोतं झाल्यावर 20, आठ स्लॅबना प्रत्येकी 5, भिंती-प्लास्टरला 15, लिफ्ट-प्लंबिंगला 10, ताब्याच्या वेळी 5. काम झाल्याशिवाय हप्ता मागणार नाही. स्लॅब स्वतः येऊन बघा, मगच पैसे भरा.