कलम १५४ खाली दुरुस्तीसाठी अर्ज: करनिर्धारण वर्ष २०२४-२५

दिनांक ९ डिसेंबर २०२४
सातारा

प्रति,
मा. करनिर्धारण अधिकारी,
प्राप्तिकर विभाग

विषय: प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम १४३(१) खालील दि. १८ नोव्हेंबर २०२४ च्या सूचनापत्रात वजावटी चुकीने कमी करून काढलेली २६,४२० रुपयांची मागणी रद्द करण्याबाबत.

महोदय,

मी सदुसष्ट वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक असून निवृत्तिवेतन आणि बँकेतील ठेवींवरील व्याज एवढेच माझे उत्पन्न आहे. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ चे विवरणपत्र मी आयटीआर-१ या नमुन्यात, जुन्या करप्रणालीचा पर्याय निवडून, दि. २२ जुलै २०२४ रोजी म्हणजे मुदतीच्या आत भरले व त्याच दिवशी आधारच्या साहाय्याने त्याची पडताळणी केली. माझा पॅन, विवरणपत्राचा पोच क्रमांक आणि मागणीचा संदर्भ क्रमांक सोबत जोडलेल्या सूचनापत्राच्या पहिल्या पानावर आहेत. ई-फायलिंग पोर्टलवर विवरणपत्राच्या पुनःप्रक्रियेची विनंती मी आजच नोंदवली असून, तिची कारणे या अर्जात मांडत आहे.

विवरणपत्रानुसार प्रमाणित वजावट जाऊन निवृत्तिवेतन ९,१०,००० रुपये आणि व्याज १,४८,००० रुपये, असे माझे एकूण ढोबळ उत्पन्न १०,५८,००० रुपये आहे. त्यातून ३,७५,००० रुपयांच्या वजावटी घेतल्यावर करपात्र उत्पन्न ६,८३,००० रुपये आणि उपकरासह कर ४८,४६४ रुपये होतो. निवृत्तिवेतनातून ३६,००० व मुदत ठेवींच्या व्याजातून १४,००० असे ५०,००० रुपये आधीच कापले गेले असल्याने १,५४० रुपयांचा परतावा मिळायला हवा होता. उत्पन्नाचे हे आकडे आणि कापलेला कर सूचनापत्रात जसेच्या तसे मान्य झाले आहेत. कलम ८०सी खालील १,५०,००० रुपयांनाही हात लागलेला नाही. वाद आहे तो उरलेल्या तीन वजावटींचा. त्यांत मिळून १,२५,००० रुपये कमी केल्यामुळे करपात्र उत्पन्न ८,०८,००० रुपये आणि कर ७४,४६४ रुपये दाखवला गेला, आणि कलम २३४बी खालील १,९५२ रुपयांचे व्याज मिळवून मागणी निघाली.

पहिली वजावट कलम ८०टीटीबी ची. ज्येष्ठ नागरिकाला ठेवींवरील व्याजातून ५०,००० रुपयांपर्यंत मिळणारी ही वजावट सूचनापत्रात शून्य केली आहे. दुसरी कलम ८०डी ची. माझा आरोग्यविमा नाही. हृदयविकाराच्या उपचारांवर वर्षभरात ५८,४०० रुपये खर्च झाले, ते सर्व धनादेशाने व यूपीआयने दिले आहेत, आणि ज्येष्ठ नागरिकाच्या मर्यादेनुसार मी त्यातील ५०,००० रुपयेच मागितले. सूचनापत्रात ते २५,००० रुपयांवर आणले आहेत. या दोन्ही बदलांमागे मला साठ वर्षांखालचा धरल्याखेरीज दुसरे कारण दिसत नाही. परंतु त्याच सूचनापत्रात कर मोजताना मला ३,००,००० रुपयांची करमुक्त मर्यादा दिली आहे, आणि ती साठ वर्षे पूर्ण झालेल्या निवासी करदात्यालाच मिळते. माझी जन्मतारीख १४ फेब्रुवारी १९५७ आहे व ती पॅनच्या नोंदीतही तशीच आहे. एकाच कागदावर एका ओळीत ज्येष्ठ आणि दुसऱ्या ओळीत ज्येष्ठ नाही, अशी नोंद टिकू शकत नाही, आणि ही विसंगती दाखवायला सूचनापत्राबाहेरच्या एकाही पुराव्याची गरज नाही.

व्याजाच्या आकारणीतही वयाचीच चूक पुन्हा झाली आहे. धंदा वा व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी ज्येष्ठ नागरिकावर कलम २०७(२) नुसार अग्रिम कर भरण्याचे दायित्व नसते, आणि जिथे ते दायित्व नाही तिथे कलम २३४बी लागू होत नाही. म्हणून वजावटींबाबत काहीही निर्णय झाला तरी १,९५२ रुपयांचे व्याज रद्द व्हायलाच हवे.

तिसऱ्या वजावटीबद्दल मला थोडे अधिक लिहावे लागेल. माझा एकतीस वर्षांचा मुलगा जन्मापासून सेरेब्रल पाल्सीने बाधित आहे, पूर्णपणे माझ्यावर अवलंबून आहे, आणि वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रानुसार त्याचे दिव्यांगत्व ८५ टक्के व कायमस्वरूपी आहे. कलम ८०डीडी नुसार दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असेल तर ७५,००० ऐवजी १,२५,००० रुपयांची वजावट मिळते, आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर ती रक्कम अवलंबून नसते. जिल्हा शल्यचिकित्सकांनी दिलेला फॉर्म १०-आयए मी विवरणपत्राच्या आधी, दि. १२ जुलै २०२४ रोजी पोर्टलवर दाखल केला, आणि त्याचा पोच क्रमांक व मुलाचा यूडीआयडी क्रमांक विवरणपत्राच्या संबंधित रकान्यात भरला. विवरणपत्राला कागद जोडता येत नाहीत, त्यामुळे एवढेच करणे माझ्या हाती होते. तरीही ५०,००० रुपये कमी केले गेले. हीच वजावट करनिर्धारण वर्ष २०२२-२३ व २०२३-२४ मध्ये पूर्ण मान्य झाली होती, आणि मुलाच्या स्थितीत तेव्हापासून कोणताही बदल झालेला नाही. माझ्यासाठी हा प्रश्न केवळ पन्नास हजारांच्या आकड्याचा नाही. माझ्या मुलाचे दिव्यांगत्व सरकारी दप्तरात आहे तेवढेच, योग्यपणे नोंदले जावे, ही माझी कळकळीची इच्छा आहे.

असा बदल करण्याआधी करदात्याला कळवणे आणि त्याच्या उत्तराचा विचार करणे कलम १४३(१)(ए) च्या परंतुकांनुसार बंधनकारक आहे. दि. ९ सप्टेंबर २०२४ च्या प्रस्तावात फक्त कलम ८०डीडी चा उल्लेख होता. त्यावर मी दि. २७ सप्टेंबर रोजी, तीस दिवसांच्या आत, प्रमाणपत्रासह असहमती नोंदवली, परंतु सूचनापत्रात माझ्या उत्तराचा उल्लेखही नाही. कलम ८०डी व ८०टीटीबी बाबत तर मला कोणताही प्रस्ताव आलाच नाही.

‘अभिलेखावरून उघड चूक’ म्हणजे लांबलचक युक्तिवाद न करता दिसणारी चूक, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली व्होल्कार्ट ब्रदर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. जन्मतारीख, करमुक्त मर्यादा, फॉर्म १०-आयए आणि विवरणपत्र हे चारही विभागाच्याच अभिलेखावर असल्याने प्रस्तुत चुका त्या कसोटीला पूर्ण उतरतात.

म्हणून विनंती आहे की, कलम १५४ खाली सूचनापत्र दुरुस्त करून कलम ८०टीटीबी ची ५०,०००, कलम ८०डी ची ५०,००० व कलम ८०डीडी ची १,२५,००० रुपयांची वजावट मान्य करावी, कलम २३४बी खालील व्याज व २६,४२० रुपयांची मागणी रद्द करावी, आणि १,५४० रुपयांचा परतावा माझ्या पडताळणी झालेल्या बँक खात्यात जमा करावा. हा परतावा ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असल्याने त्यावर व्याज देय नाही, हे मला ठाऊक आहे व मी ते मागत नाही. मागणीशी असहमती मी पोर्टलवर नोंदवली आहे. अर्जाचा निर्णय होईपर्यंत वसुलीची कारवाई करू नये, कलम २४५ खाली अन्य वर्षाचा परतावा या मागणीत वळता करू नये आणि कलम २२०(२) खाली व्याज आकारू नये. कलम १५४(८) मधील सहा महिन्यांच्या मुदतीत लेखी आदेश मिळावा. काही मुद्दा अमान्य करावयाचा झाल्यास त्याआधी मला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी. या सूचनापत्राविरुद्ध मी अद्याप अपील केलेले नाही आणि तो हक्क राखून ठेवत आहे.

सोबत सूचनापत्र, विवरणपत्र व त्याची पोच, सप्टेंबरमधील प्रस्ताव व माझे उत्तर, फॉर्म १०-आयए, दिव्यांगत्व प्रमाणपत्र, औषधोपचारांची देयके व बँकेचा उतारा, बँकेचे व्याज प्रमाणपत्र आणि फॉर्म २६एएस यांच्या स्वसाक्षांकित प्रती जोडल्या आहेत. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

आपला विश्वासू,
व. ग. देशमुख
निवृत्त मुख्याध्यापक, सातारा