विषय: ऑफरवर निर्णय कळवण्यासाठी गुरुवार, २२ जानेवारीपर्यंत मुदत मिळणेबाबत

मा. पाटील साहेब,

सप्रेम नमस्कार.

काल, सोमवारी, आपला मेल आणि ऑफर लेटर मिळालं. क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी माझी निवड केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. होकार शुक्रवार, १६ जानेवारीपर्यंत कळवावा असं आपण लिहिलं आहे. ही मुदत गुरुवार, २२ जानेवारी, संध्याकाळी पाचपर्यंत वाढवून मिळावी, ही विनंती.

कारण आडपडदा न ठेवता सांगतो. आपल्याकडे मुलाखत होण्याआधीच मी आणखी दोन ठिकाणी अर्ज केले होते. चाकणच्या एका कंपनीत सोमवारी, १९ तारखेला शेवटची फेरी आहे आणि साताऱ्यात मंगळवारी. पगार वाढवून घेण्यासाठी हे सांगत नाही; आपण देऊ केलेल्या आकड्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आज हो म्हणायचं आणि आठवड्याभरात शब्द फिरवायचा, असं मला करायचं नाही. आपण तोवर बाकीच्या उमेदवारांना नकार कळवून मोकळे झालेले असाल.

त्या दोन्ही ठिकाणी निकाल लवकर कळवा म्हणून सांगून ठेवलं आहे. त्यांचा निकाल आला नाही तरी आपल्याला उत्तर २२ तारखेला मिळेलच. पुन्हा मुदत मागणार नाही.

यामुळे जॉइनिंगची १ एप्रिल ही तारीख पुढे ढकलावी लागणार नाही. सध्याच्या कंपनीत माझा नोटीस पीरियड ६० दिवसांचा आहे. २२ तारखेलाच राजीनामा दिला तरी २३ मार्चला मोकळा होतो.

शिरोलीला आपण शॉप दाखवलंत तेव्हा फेटलिंगच्या बाजूला रिजेक्ट झालेले ब्रेक ड्रम पडले होते. ब्लो होलभोवती खडूने गोल केलेला आणि शेजारी हीट नंबर लिहिलेला. पाहुणा येणार म्हणून माल आत हलवला नव्हता, हे मला फार आवडलं. रिजेक्शन कमी करण्याचं हे काम खरंच करावंसं वाटतं, म्हणूनच नकार न देता वेळ मागतो आहे.

एक शंका आहे. जनरल शिफ्ट असेल असं मुलाखतीत बोलणं झालं होतं, पण लेटरमध्ये शिफ्टचा उल्लेख नाही. तेवढं मेलवर कळवलंत तर बरं होईल.

जागा लगेच भरणं भाग असेल आणि २२ पर्यंत थांबणं शक्य नसेल, तर कृपया या गुरुवारपर्यंत, १५ तारखेपर्यंत, तसं सांगा. मग आहे त्या मुदतीत, शुक्रवारीच, काय ते कळवतो. फोनवर बोलायचं असल्यास दुपारी एक ते दीड जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी सहानंतर मी मोकळा असतो. शॉपवर असताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो.

आपला नम्र,
संदीप
मंगळवार, १३ जानेवारी २०२६